"सात महिने थांबा, आजी": जपानच्या पोस्टातल्या विमाविक्रीचं एक प्रकरण

विमा एजंटने म्हाताऱ्या माणसाला नको ती पॉलिसी गळ्यात मारली, असं ऐकलं की आपल्या डोळ्यासमोर एक गोडबोल्या माणूस येतो, खोटं बोलणारा, सही घेऊन गायब होणारा. पण मला वाटतं हे चित्रच आपल्याला चुकवतं, कारण एका खूप मोठ्या आणि बऱ्याच तपासल्या गेलेल्या प्रकरणात एजंट गायब वगैरे झालाच नव्हता. तो दर महिन्याला घरी येत होता, कागद सगळे जागच्या जागी होते, सह्या खऱ्या होत्या, आणि तरी म्हाताऱ्या माणसांचं नुकसान झालं. ते प्रकरण म्हणजे जपानच्या पोस्टातून विकल्या गेलेल्या विम्याचं, 2019 मध्ये उघडकीला आलेलं. गैरवर्तनाची चौकशी कशी करावी आणि कशी करू नये हे दोन्ही त्यात दिसतं म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. जपानमध्ये पोस्टाचा विमा 1916 पासून आहे, मेडिकल टेस्ट न करता छोट्या रकमेचा विमा साध्या माणसाला मिळावा म्हणून सरकारने सुरू केलेला. 2007 मध्ये पोस्टाचं खासगीकरण झालं आणि एकाच ग्रुपमध्ये वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. विमा कंपनी म्हणजे जपान पोस्ट इन्शुरन्स, जिला तिथे कांपो म्हणतात, आणि पॉलिसी प्रत्यक्ष विकणारी माणसं होती जपान पोस्ट या दुसऱ्या कंपनीची, म्हणजे पोस्ट ऑफिसचे कर्मचारी. देशभर 20 हजारांच्या वर पोस्ट ऑफिसं. खेड्यात राहणाऱ्या एकट्या म्हाताऱ्या बाईकडे पोस्टाचा माणूस येतो, तिची बचतही पोस्टात, विमाही पोस्टाचा. कंपनी खासगी झाली असली तरी तिच्या मनात ते सरकारच. हा विश्वास लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्या जिवावर झालंय.

आता मुख्य गोष्ट, आणि ही नीट समजली तरच बाकीचं समजेल. विक्री करणाऱ्या माणसाला टार्गेट होतं नव्या पॉलिसींचं, म्हणजे नव्या करारातून महिन्याला किती हप्ता आणला यावर त्याचा हिशेब. आता ज्या गावात सगळ्यांकडे आधीच पॉलिसी आहे तिथे नवी कुठून आणणार? मग जुनी मोडायला लावायची आणि नवी घ्यायला लावायची. कंपनीलाही हे माहीत होतं, म्हणून तिने एक नियम केला होता की नवी पॉलिसी घेतल्यावर 6 महिन्यांच्या आत जुनी मोडली, किंवा नवी घ्यायच्या आधीच्या 3 महिन्यांत जुनी मोडली असेल, तर ती खरी नवी विक्री नाही, ती नुसती बदली. बदली असेल तर एजंटचं कमिशन निम्मं आणि टार्गेटमध्येही निम्मीच मोजणी.

नियम वाचायला चांगलाच आहे. ग्राहकाला उगाच पॉलिसी बदलायला लावू नये म्हणून केलेला. पण ज्याला टार्गेट गाठायचंय तो माणूस हा नियम कसा वाचेल बघा: 6 महिन्यांच्या आत मोडली तर निम्मं, मग सातव्या महिन्यात मोडली तर? पूर्ण. आधीच्या 3 महिन्यांत मोडली तर निम्मं, मग 4 महिने आधी मोडून ठेवली तर? पूर्ण. झालं. ग्राहकाच्या रक्षणासाठी केलेली रेघ एजंटसाठी वेळापत्रक बनली, आणि देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वेगवेगळ्या पोस्ट ऑफिसांतले एकमेकांना न ओळखणारे कर्मचारी त्याच वेळापत्रकाने चालायला लागले.

याचा म्हाताऱ्या माणसावर काय परिणाम होतो ते एका उदाहरणाने सांगतो. माणूस आणि आकडे हिशेब कळावा म्हणून मी धरलेत, पद्धत मात्र प्रकरणातलीच आहे. समजा 74 वर्षांच्या आजी आहेत, एकट्या राहतात. त्यांची जुनी पॉलिसी आहे, महिन्याला 30,000 येन हप्ता, बरीच वर्षं भरत आल्यात आणि जुनी असल्यामुळे तिच्यात कबूल केलेला व्याजदर आजच्यापेक्षा बराच चांगला आहे. एजंट येतो, चहा घेतो, तब्येतीची चौकशी करतो, मग म्हणतो, "आजी, तुमची पॉलिसी जुनी झाली, आता नवी चांगली आलीये, दवाखान्याचा खर्चपण मिळतो." आजी म्हणतात, बरं, मग जुनी बंद करू या. इथे एजंट म्हणतो, "जुनी लगेच नाही मोडता येत, सात महिने थांबा, आजी, मग मी स्वतः येऊन करून देतो." नव्या पॉलिसीचा हप्ताही 30,000 येन धरा. म्हणजे सात महिने आजी दर महिन्याला 60,000 येन भरतायत. हवी होती एकच पॉलिसी, आणि जुनीचे म्हणून जास्तीचे गेले 7 गुणिले 30,000, म्हणजे 2,10,000 येन, पेन्शनवर जगणाऱ्या बाईचे. त्यातलं थोडं जुनी मोडताना सरेंडरच्या रकमेत परत येईलही, पण ते आजींनी मागितलं नव्हतं आणि त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं. एजंटचं काय? 15,000 च्या जागी पूर्ण 30,000 ची विक्री त्याच्या नावावर लागली.

ते "लगेच मोडता येत नाही" हे वाक्य परत वाचा. जुनी पॉलिसी लगेच मोडता येते, ग्राहकाला हवं तेव्हा मोडता येते, असा कुठलाच नियम नाही की थांबावं लागतं. थांबायचा नियम फक्त एजंटच्या कमिशनचा होता. माझ्या मते सगळं गैरवर्तन या एका वाक्यात आहे, बाकी त्याच्याभोवतीची सजावट आहे, कारण इथे एजंटने स्वतःच्या पगाराचा नियम ग्राहकाच्या पॉलिसीचा नियम म्हणून सांगितला.

दुसरा प्रकार याच्याहून वाईट. काही ग्राहकांना दोन हप्ते झेपणारेच नव्हते, मग त्यांना आधी जुनी मोडायला लावली आणि 4 महिने थांबवलं. त्या काळात त्यांच्याकडे काहीच विमा नव्हता. तरुण माणसाला 4 महिने काही वाटणार नाहीत पण सत्तरीतल्या माणसाच्या आयुष्यात 4 महिन्यांत काय होईल सांगता येतं का? डॉक्टरकडे एक चक्कर, एक रिपोर्ट, आणि नव्या पॉलिसीचा फॉर्म भरताना तो रिपोर्ट लिहावा लागतो, मग कंपनी म्हणते आम्ही तुम्हाला घेऊ शकत नाही. जुनी गेलेली, नवी मिळत नाही. जुनी परत चालू करा म्हणायला गेलं तर ती केव्हाच संपलेली. कंपनीने स्वतःच जाहीर केलेल्या आकड्यात मधल्या काळात विम्याशिवाय राहिलेल्यांची प्रकरणं सुमारे 47 हजार होती.

आणि तिसरी गोष्ट, जी घरच्यांच्या सहसा लक्षातच येत नाही. नवी पॉलिसी मिळाली तरी घड्याळ शून्यावर येतं. जुन्या पॉलिसीत आजारपणाच्या माहितीवरून कंपनीने वाद घालायचा काळ कधीच उलटून गेलेला असतो, नव्या पॉलिसीत तो पहिल्या दिवसापासून परत सुरू. फॉर्ममध्ये जुन्या आजाराचा उल्लेख राहिला, मग तो आजी विसरल्या म्हणून असो की एजंट "हे लिहायची गरज नाही" म्हणाला म्हणून असो, क्लेमच्या वेळी कंपनी तेच कारण देऊन पैसे नाकारते. या प्रकरणात अशीही माणसं निघाली, ज्यांना जुनी पॉलिसी असती तर पैसे मिळाले असते आणि बदलल्यामुळे मिळाले नाहीत.

इथे एक आडवळण घेतो, पण गरजेचं आहे. इतर आयुर्विमा कंपन्यांकडे जुन्या पॉलिसीतली जमा रक्कम नव्या पॉलिसीत वळती करून घ्यायची सोय असते, म्हणजे मोडून परत घ्यायची भानगड कमी. कांपोकडे ही सोय तेव्हा नव्हती. वर एका माणसाला किती रकमेचा विमा विकता येईल यावर कायद्याची मर्यादा, त्यामुळे मर्यादा भरलेल्या माणसाला नवी विकायची तर जुनी काढावीच लागे. आणि त्यातच व्याजदर पडलेले, बँक ऑफ जपानने 2016 मध्ये दर शून्याच्या खाली नेले होते, मग बचतीचा म्हणून विकला जाणारा विमा भरलेल्यापेक्षा कमी परत देतो अशी वेळ आली. म्हणजे माल विकण्यासारखा राहिला नाही पण टार्गेट तिथेच राहिलं. ज्यांना हिशेब कळतो त्यांनी घेणं बंद केलं. मग उरलं कोण? ज्यांना हिशेब कळत नाही, किंवा जे पोस्टाच्या माणसाला नाही म्हणू शकत नाहीत ते. कमी शिकलेले आणि म्हातारे लोक सापडतात ते असे. एजंट दुष्ट असतो म्हणून त्यांना शोधतो असं दरवेळी नसतं, बाकीचे दरवाजे बंद झाले की पावलं आपोआप तिकडे वळतात, आणि याने एजंटचा दोष जात नाही हेही तितकंच खरं.

दबाव खरा होता हे मान्य करायला हवं. पोस्टाच्या विक्री कर्मचाऱ्यांचा मूळ पगार कमी करून कमिशनचा वाटा वाढवलेला. ज्याची विक्री कमी त्याला ट्रेनिंगच्या नावाखाली बोलावून सगळ्यांसमोर झापणं चालायचं, हे नंतरच्या चौकशीत नोंदवलं गेलंय. पण मी या मुद्द्यावर कडक आहे. दबावामुळे माणसाने जास्त दारं ठोठावली, रविवारी काम केलं, ओळखीच्यांना विनवण्या केल्या, तर तो दबावाचा परिणाम. समोरच्या म्हातारीला "लगेच मोडता येत नाही" असं सांगणं हा निर्णय आहे, आणि तो तिच्या स्वयंपाकघरात बसून एका माणसाने घेतलेला आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, दबाव टाकणारा दोषी आणि खोटं बोलणाराही दोषी.

आता कायदा काय म्हणतो. जपानच्या विमा व्यवसाय कायद्यात कलम 300 आहे, त्यात विक्री करणाऱ्याने काय करू नये ते लिहिलंय. खोटं सांगू नये, महत्त्वाची गोष्ट लपवू नये, आजाराची माहिती देण्यापासून ग्राहकाला अडवू नये. आणि त्यातच चौथं पोटकलम अगदी आपल्या प्रकरणाचं आहे: ग्राहकाला तोट्याच्या गोष्टी न सांगता जुना करार मोडायला लावून नवा करायला लावणं मना. म्हणजे पॉलिसी बदलायला लावणं बेकायदा नाही, तोटा न सांगता बदलायला लावणं बेकायदा आहे. हा फरक महत्त्वाचा, कारण पुढे सगळा वाद "सांगितलं होतं की नाही" इथेच येऊन अडकला.

कारण कागद. प्रत्येक फाइलमध्ये ग्राहकाची सही असलेला फॉर्म, त्यावर लिहिलेलं की मला तोटे समजावून सांगितले, मला ही पॉलिसी हवी आहे. म्हाताऱ्या माणसाची सही म्हणजे त्याला समजलं याचा पुरावा नाही, हे ज्याने कधी घरातल्या वयस्क माणसाला बँकेचा फॉर्म भरायला मदत केलीये त्याला सांगायला नको. कुठे सही करू, इथे का, एवढंच विचारलं जातं. बऱ्याच ठिकाणी वयस्क ग्राहकाशी बोलताना घरचं माणूस सोबत असावं असा नियम असतो, पण "ग्राहकानेच घरच्यांना बोलवायला नको म्हटलं" असा पर्याय फॉर्मवर असला की एका टिकमध्ये तो नियम संपतो. ज्यात घरचं माणूस नसतं अशा फाइली एकाच एजंटकडे जास्त दिसल्या तर मी तिथून चौकशी सुरू करेन.

ही गोष्ट उघडकीला आली तीही लगेच नाही. एप्रिल 2018 मध्ये जपानच्या सार्वजनिक वाहिनीने, एनएचकेने, यावर कार्यक्रम केला होता. पोस्टाकडून तक्रार झाली, पुढचा भाग लांबला, आणि एनएचकेच्या अध्यक्षांनाच त्यांच्या नियामक मंडळाने समज दिली. वर्षभराहून जास्त काळ गेला तोवर. त्या वर्षभरात किती घरी "सात महिने थांबा" म्हटलं गेलं असेल हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

मग जून-जुलै 2019 मध्ये कंपनीला बोलावंच लागलं. जुलै 2019 अखेर सांगितलं की मागच्या 5 वर्षांत ग्राहकाचं नुकसान झालं असावं असे सुमारे 1,83,000 करार आहेत, सुमारे 1,56,000 ग्राहकांचे. यातले बरेचसे करार सापडले कसे, ते बघण्यासारखं आहे. कुणी घरोघर जाऊन विचारलं नव्हतं. कॉम्प्युटरमध्ये तारखा होत्याच. नव्या कराराची तारीख आणि जुना मोडल्याची तारीख यातलं अंतर काढलं, आणि जे 6 महिन्यांची रेघ ओलांडल्याबरोबर मोडलेत ते वेगळे काढले. माणूस स्वतःच्या मनाने पॉलिसी मोडतो तेव्हा कुणी दुसऱ्या महिन्यात मोडतो, कुणी अकराव्या, कुणी पैशांची नड लागली तेव्हा. सातव्या महिन्यात एवढी गर्दी का? त्या गर्दीचं ग्राहकाच्या गरजेशी काही नातं असू शकत नाही, कारण ग्राहकाला 6 महिन्यांची रेघ माहीतच नव्हती. ती रेघ फक्त एजंटला माहीत होती.

म्हणून मी म्हणतो की अशा प्रकरणात आधी तारखा बघा, माणसाचं ऐकणं नंतर. एजंटचं बोलणं आठवणीवर, म्हातारीचं बोलणं त्याहून कमजोर आठवणीवर. तारीख कुणाच्या बाजूची नसते.

पण पुढे चौकशीत काय झालं ते वाचून वाईट वाटतं. बाहेरच्या वकिलांची खास समिती नेमली होती, तिचा अहवाल डिसेंबर 2019 मध्ये आला. त्या वेळेपर्यंत कायदा किंवा कंपनीचे नियम मोडल्याचा संशय असलेले करार 12,836 मोजले गेले. आणि त्यातले प्रत्यक्ष उल्लंघन म्हणून नक्की ठरलेले किती? 670. त्यातही कायद्याचं उल्लंघन म्हणून फक्त 48, बाकीचे 622 कंपनीच्या अंतर्गत नियमांचे. चौकशी तेव्हा पुरी झाली नव्हती हे खरं, पण एवढी तफावत नुसत्या घाईने येत नाही.

कारण आधीपासूनची पद्धत अशी होती की तक्रार आली की एजंटला विचारायचं, आणि त्याने कबूल केलं तर उल्लंघन, नाही केलं तर उल्लंघन सिद्ध होत नाही. ग्राहक म्हणतो सांगितलं नाही, एजंट म्हणतो सांगितलं, फॉर्मवर सही आहे, फाइल बंद. जपानच्या वित्तीय नियामकाने नेमका याच गोष्टीवर बोट ठेवलं. विचार करा, ज्या चौकशीत आरोपीची कबुलीच एकमेव पुरावा आहे त्या चौकशीत प्रामाणिकपणे चूक मान्य करणारा सापडतो आणि सराईत सुटतो. बरं, सुटलेल्याला धडा काय मिळतो? की नाही म्हणायचं, बस. दुसऱ्या वर्षी तोच माणूस विक्रीत पहिला येतो, त्याचा सत्कार होतो, आणि नवीन मुलं त्याच्याकडून शिकतात.

मग ग्राहक आणि एजंट यांच्या शब्दावर शब्द असेल तर ठरवायचं कसं? माझ्या मते फाइलला तीन प्रश्न विचारायचे, आणि तिन्हीची उत्तरं कुणालाही न विचारता मिळतात. पहिला, या बदलीने ग्राहकाला असं काय मिळालं जे जुन्यात नव्हतं, किंवा जुन्याला छोटं कलम जोडून मिळालं नसतं? आजींना दवाखान्याचा खर्च हवा होता तर तेवढंच जोडता आलं असतं का, हे कंपनीच्या स्वतःच्या नियमपुस्तकात लिहिलेलं असतं. या प्रकरणात बरेच करार असे निघाले की जोड कलमाने काम झालं असतं. दुसरा प्रश्न, तोटा किती झाला आणि तो फॉर्ममध्ये आकड्यात लिहिलाय का? "तोटे समजावले" या छापील ओळीला मी किंमत देत नाही, "तुमचे इतके येन कमी होतील" असं हाताने लिहिलेलं असेल तर देतो. तिसरा, जी तारीख निवडली तिचं ग्राहकाच्या बाजूने एकतरी कारण आहे का? नसेल, आणि एजंटच्या बाजूने असेल, तर "मी सांगितलं होतं" हे सिद्ध करायची जबाबदारी एजंटवर यायला हवी, म्हातारीवर नाही.

कंपनीच्या बाजूने एक युक्तिवाद येतो तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. ते म्हणू शकतात की सात महिने दोन हप्ते भरले तर सात महिने संरक्षणही दोन पॉलिसींचं होतं, त्या काळात आजी गेल्या असत्या तर वारसांना दोन्हीकडून पैसे मिळाले असते, म्हणजे पैसे वाया गेले कसे म्हणता? हिशेबाने हे चूक नाही. पण योग्य पॉलिसी म्हणजे काय हे इथेच कळतं. माणसाने न मागितलेलं, त्याला न परवडणारं आणि त्याला माहीतही नसलेलं संरक्षण हे संरक्षण म्हणून मोजायचं नाही. आजींना विचारलं असतं की सात महिने दुप्पट भरता का, दुप्पट विमा राहील, तर त्या काय म्हणाल्या असत्या हाच कस आहे, आणि त्यांना विचारलं गेलं नाही हेच गैरवर्तन.

एजंटांनी नंतर काय केलं तेही सांगायला हवं, कारण यावरून कळतं की नुसती रेघ सरकवून काही होत नाही. बदलीवर लक्ष ठेवणं सुरू झालं तसे काही जणांनी विमा कुणाच्या जिवावर आहे तेच बदललं, म्हणजे आईच्या नावची पॉलिसी मोडून मुलाच्या जिवावर नवी, पैसे भरणार आईच. कॉम्प्युटर आईच्या नावावर बदली शोधतोय, त्याला ती दिसतच नाही. काहींनी जुनी मोडण्याऐवजी तिचे हप्ते थांबवून तिला पेड-अप करून टाकलं, मोडल्याची नोंदच होत नाही मग बदली कशी म्हणणार. पैसे भरणाऱ्या हातावरून शोधलं असतं तर दोन्ही सापडले असते. एकाच बचत खात्यातून वर्षाला किती विम्याचे हप्ते जातायत आणि ते खातं कोणाचं, पेन्शनच्या किती टक्के जातायत, हे बघितलं की नाव कुणाचं लावलंय याने फरक पडत नाही.

शिक्षा झाल्या. 27 डिसेंबर 2019 ला नियामकाने विमा कंपनी आणि पोस्ट कंपनी दोघींना 1 जानेवारी ते 31 मार्च 2020 अशी तीन महिने विमाविक्री बंद ठेवायचा आदेश दिला. ग्रुपच्या तीन कंपन्यांचे प्रमुख मासात्सुगु नागातो, मित्सुहिको उएहिरा आणि कुनिओ योकोयामा पायउतार झाले. याच प्रकरणात देखरेख करणाऱ्या मंत्रालयातला सर्वोच्च सचिव कारवाईची माहिती आधीच पोस्टातल्या आपल्या जुन्या वरिष्ठाला पुरवतो म्हणून सापडला आणि त्यालाही जावं लागलं, यावरून वरपर्यंत नाती किती घट्ट होती ते कळतं. पुढे कंपनीने सगळ्या ग्राहकांना पत्रं पाठवून विचारलं, तुमचं काही चुकीचं झालंय का, ज्यांना हवं त्यांची जुनी पॉलिसी परत चालू करून दिली, आणि टप्प्याटप्प्याने 3 हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. विक्री पूर्ववत सुरू व्हायला 2021 उजाडलं.

पत्रांबद्दल एक गोष्ट मला खटकते. ज्या माणसाला पॉलिसीचा कागद वाचून समजला नाही, त्यालाच तुम्ही आणखी एक कागद पाठवून विचारताय की तुम्हाला समजलं होतं का. आजी ते पत्र बघणार, पोस्टाचं पत्र आहे म्हणून जपून ठेवणार, आणि पोस्टाचा माणूस आला की त्यालाच दाखवणार. ज्यांना खरंच फसवलं गेलंय त्यांचा प्रतिसाद सगळ्यात कमी येईल अशी ती रचना आहे. यापेक्षा तारखांवरून निघालेल्या यादीतल्या माणसाकडे दुसऱ्या भागातल्या, कमिशनशी संबंध नसलेल्या कर्मचाऱ्याने जाऊन बसणं, घरच्यांना बोलावणं, खात्याचं पासबुक उघडून बघणं बरं. महाग आहे, हो. पण सात महिन्यांचे दुप्पट हप्ते घ्यायला माणूस घरी जाऊ शकत होता, तर परत द्यायलाही जाऊ शकतो.

शेवटी एजंटच्या शिक्षेचं. समितीपुढे आणि नंतर कर्मचाऱ्यांकडूनही हा प्रश्न आला की खालच्यांवर कडक कारवाई झाली आणि ज्यांनी टार्गेट लावलं, ट्रेनिंगमध्ये झापलं, सातव्या महिन्यातली गर्दी आकड्यांत दिसत असून बक्षिसं वाटली, त्या मधल्या मॅनेजरांना सौम्य. मला हा आक्षेप बरोबर वाटतो, पण त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा वाटतो. एजंटची शिक्षा कमी करू नका, मॅनेजरची फाइल त्याच कपाटातून काढा. एकाच्या हाताखालच्या पाच जणांचे ग्राहक सातव्या महिन्यात पॉलिसी मोडत असतील आणि त्याच्या मासिक रिपोर्टमध्ये त्या सगळ्या नवी विक्री म्हणून लागल्या असतील, तर त्याला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही. त्यालाही तोच प्रश्न विचारायचा जो एजंटला विचारला: ही तारीख ग्राहकाच्या कोणत्या कारणाने निवडली गेली? आणि उत्तर "मला कल्पना नव्हती" असं आलं, तर त्या महिन्यात त्याने त्या विक्रीवर घेतलेला बोनस कुठल्या कल्पनेवर घेतला, हे त्याच्याच सहीच्या कागदावर दाखवायचं.